दहावीचा वर्ग आणि तिशीची मुलं: शाळेच्या मालिकांतल्या वयांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी बरीच वर्षं शिकवलं. दहावीचे बोर्डाचे फॉर्म भरायच्या दिवसांत प्रत्येकाची जन्मतारीख जनरल रजिस्टरशी ताडून पाहायचं काम वर्गशिक्षिकेकडेच असायचं. तेव्हापासून कुणाचंही वय ऐकलं की मनात वजाबाकी सुरू होते. आता निवृत्त झाले तरी ही खोड गेलेली नाही. घरी भाच्या येतात, त्यांच्या मैत्रिणी येतात, मोबाइलवर परदेशी शाळांच्या मालिका सुरू होतात. मग एखादी विचारते, 'मावशी, हा खरंच अकरावीत असेल?' गेल्या काही वर्षांत तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की उत्तरं एका जागी लिहून ठेवलेली बरी, असं वाटलं.

या मालिकांतली शाळकरी मुलं एवढी मोठी का दिसतात?

कारण ती मोठीच असतात. मेकअपची किंवा कॅमेऱ्याची त्यात काही करामत नसते. अमेरिकन मालिकांत सोळा वर्षांच्या मुलाचं काम वीस ते पंचवीस वर्षांच्या नटाला देणं ही नेहमीची रीत आहे. 'बेव्हर्ली हिल्स, ९०२१०' ही मालिका ऑक्टोबर १९९० मध्ये सुरू झाली, तेव्हा त्यातल्या हुशार विद्यार्थिनीचं, अँड्रियाचं काम करणारी गॅब्रिएल कार्टेरिस २९ वर्षांची होती. तीन महिन्यांत तिला तीस पूर्ण झाली आणि पडद्यावर ती वर्गात हात वर करून उत्तरं देतच राहिली.

तुम्ही नेहमी 'प्रिटी लिटल लायर्स'चंच उदाहरण का देता?

कारण त्या वर्गाचं हजेरीपुस्तक काढलं तर एकाच बाकावर सतरा वर्षांचा फरक सापडतो. एवढं ठळक उदाहरण मला दुसरं मिळालेलं नाही.

मालिका ८ जून २०१० रोजी सुरू झाली. चार मैत्रिणी अकरावीत जायच्या बेतात आहेत आणि त्यांची पाचवी मैत्रीण, अ‍ॅलिसन, वर्षभरापूर्वी बेपत्ता झाली आहे. म्हणजे पात्रं साधारण १६ वर्षांची. आता नटांच्या जन्मतारखा पाहू. स्पेन्सर झालेली ट्रोयन बेलिसारिओ ऑक्टोबर १९८५ ची, म्हणजे पहिल्या भागाच्या दिवशी २४. एमिली झालेली शे मिचेल एप्रिल १९८७ ची, २३. आरिया झालेली लूसी हेल जून १९८९ ची, २०, एकविसाव्या वाढदिवसाला आठवडा बाकी. हॅना झालेली अ‍ॅशली बेन्सन डिसेंबर १९८९ ची, तीही २०. इथवर नेहमीचंच.

मग येते माया, एमिलीच्या शेजारी राहायला आलेली नवी मुलगी. ते काम बियांका लॉसनने केलंय, तिचा जन्म मार्च १९७९ चा. म्हणजे ही विद्यार्थिनी ३१ वर्षांची. आणि बेपत्ता झालेली अ‍ॅलिसन, जी या टोळीची म्होरकी, जिच्या एका नजरेने बाकीच्या चौघी गप्प होतात, ती झालेली साशा पीटर्स फेब्रुवारी १९९६ ची, म्हणजे १४. पहिला भाग आदल्या डिसेंबरात चित्रित झाला, तेव्हा ती फक्त १३ होती. जिच्या समोर २४ वर्षांची बेलिसारिओ घाबरल्याचा अभिनय करते ती प्रत्यक्षात आमच्याकडच्या आठवीतली पोर!

आता शिक्षकांच्या खोलीत डोकावू. इंग्रजीचे सर झालेला इयन हार्डिंग सप्टेंबर १९८६ चा, २३. म्हणजे वर्गातली स्पेन्सर आपल्या सरांपेक्षा अकरा महिन्यांनी मोठी. आरियाची आई झालेली हॉली मेरी कोम्ब्स डिसेंबर १९७३ ची, ३६. 'मुली'पेक्षा ती सोळा वर्षांनीच मोठी आणि मायापेक्षा तर पाचच वर्षांनी.

एक गंमत राहिलीच. २०११ पासून 'टीन वूल्फ' या दुसऱ्या शाळेच्या मालिकेत बियांका लॉसन समुपदेशक बाई म्हणून आली. आदल्या वर्षी विद्यार्थिनी, यंदा स्टाफरूममध्ये. खऱ्या वयाला कुठलं काम जास्त शोभत होतं ते सांगायला नको.

नटाचं वय कुठल्या दिवशीचं धरायचं? मालिका आली त्या दिवशीचं, की चित्रीकरणाचं?

चित्रीकरणाचं. इथेच सगळ्यांत जास्त चुका होतात. लोक प्रदर्शनाच्या तारखेतून जन्मतारीख वजा करतात आणि 'एवढा थोराड' म्हणून मोकळे होतात. चित्रीकरण सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षं आधी झालेलं असतं. वाढत्या वयाच्या मुलाच्या बाबतीत तेवढा काळ म्हणजे सगळंच.

'स्ट्रेंजर थिंग्ज'चं चौथं पर्व मे २०२२ मध्ये आलं. विल झालेला नोआ श्नॅप ऑक्टोबर २००४ चा, म्हणजे त्या दिवशी १७. पण त्या पर्वाचं चित्रीकरण फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झालं, महिनाभरात महामारीमुळे थांबलं, त्याच वर्षी सप्टेंबरात पुन्हा सुरू झालं आणि सप्टेंबर २०२१ पर्यंत चाललं. पहिल्या दृश्यांत तो १५ चा आहे, शेवटच्या दृश्यांत १७ ला टेकलेला. ही दृश्यं कथेप्रमाणे क्रमाने चित्रित होत नाहीत. त्यामुळे एकाच भागात, कथेतल्या एकाच आठवड्यात, मुलाचा आवाज आणि खांदे मागेपुढे होताना दिसतात. नजर सरावली की हे कळतं.

चित्रीकरणाच्या नक्की तारखा मिळाल्या नाहीत तर प्रदर्शनाच्या तारखेतून साधारण एक वर्ष कमी करावं आणि उत्तरापुढे 'सुमारे' लिहावं.

आणि पात्राचं वय कसं काढायचं? ते तर कुणी सांगतच नाही.

इयत्तेवरून. पात्र स्वतःचं वय क्वचित सांगतं, पण इयत्ता दर दोन भागांनी एकदा तरी बोलून दाखवतं. अमेरिकेत हायस्कूल चार वर्षांचं: फ्रेशमन म्हणजे आपली नववी, सोफोमोर दहावी, ज्युनियर अकरावी, सीनियर बारावी. सबटायटल वाचणाऱ्यांचा घोळ 'ज्युनियर' आणि 'सीनियर' या शब्दांनी होतो. ज्युनियर ऐकून लहान वर्ग वाटतो, तर तो अकरावीचा. त्यांची वयंही आपल्यासारखीच: दहावीला १५-१६, बारावीला १७-१८. आमच्या गोव्यात अकरावी-बारावीला हायर सेकंडरी म्हणतात, ती वेगळ्या इमारतीत असते. तिकडे नववी ते बारावी एकाच छपराखाली, म्हणून १४ ची मुलगी आणि १८ चा मुलगा एकाच व्हरांड्यात दिसतात.

इयत्ता मिळाली की कथा कुठल्या वर्षी घडते ते शोधावं. कॅलेंडर, निवडणूक, हातातला फोन, थडग्यावरची सालं, काहीही चालतं. 'बफी द व्हँपायर स्लेयर'च्या पाचव्या पर्वाच्या शेवटी नायिकेचं थडगं दिसतं, त्यावर १९८१ ते २००१ असं कोरलंय. जन्मवर्ष दगडावर मिळाल्यावर आणखी काय हवं? यात मला कायम आमचं रजिस्टर आठवतं. तोंडी सांगितलेली तारीख आणि लिहिलेली तारीख यांत भांडण झालं तर लिहिलेली जिंकते.

मालिका सात वर्षं चालते आणि मुलं अजून शाळेतच. हे गणित कसं जमतं?

जमत नाही, जमवतात. कथेतला काळ सावकाश चालवायचा, एवढाच उपाय. 'प्रिटी लिटल लायर्स'मध्ये अकरावीच्या सुरुवातीपासून बारावीच्या शेवटापर्यंतची दोनच वर्षं दाखवायला पडद्याबाहेर पाच वर्षं लागली. सुरुवातीला स्पेन्सर १६ आणि नटी २४, फरक ८. शाळा संपते तेव्हा पात्र १८ आणि नटी २९, फरक ११. फरक वाढतच चालला होता. शेवटी २०१६ च्या जानेवारीत कथेने एकदम पाच वर्षांची उडी मारली. आता पात्र २३ च्या आसपास, नटी ३०. फरक ७ वर आला, आणि पहिल्यांदाच त्या बायका आपल्या वयाचे कपडे घालून दिसल्या. मला स्वतःला ती उडी फारशी रुचली नाही, पण तिचं कारण पटलं.

कोरियन मालिकांत सबटायटल म्हणतं १८, पण मुलगी तर अकरावीत. चूक कुणाची?

कुणाचीच नाही. भाच्यांच्या गटात यावरून दोन दिवस अबोला झाला होता, म्हणून सविस्तर सांगते.

कोरियात परंपरेने मूल जन्मताच एक वर्षाचं मानत, आणि पुढचं वर्ष वाढदिवसाला नाही तर १ जानेवारीला वाढवत. म्हणजे ३१ डिसेंबरला जन्मलेलं बाळ दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचं. २८ जून २०२३ पासून तिथे कायद्याने सरकारी कामांत आपल्यासारखी वाढदिवसाची मोजणी आली. पण जुन्या मालिकांत, आणि घरगुती बोलण्यात, जुनी मोजणी आहेच. हिशेब सोपा: कथेचं वर्ष वजा जन्मवर्ष, अधिक एक. आपल्या मोजणीत यायचं तर त्यातून एक कमी करायचा, आणि त्या वर्षीचा वाढदिवस अजून यायचा असेल तर दोन.

आता 'ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन' घ्या. कथा १९९८ मध्ये सुरू होते. तलवारबाजी करणारी ना ही-दो १८ ची आणि बेक ई-जिन २२ चा, असं सबटायटल सांगतं. जुन्या मोजणीने ती १९८१ ची, तो १९७७ चा. त्यांच्या हायस्कूलचं दुसरं वर्ष, म्हणजे आपली अकरावी, आणि त्या इयत्तेला हेच वय बसतं. आपल्या मोजणीत ती १९९८ च्या उन्हाळ्यात १६ किंवा १७. मालिकेच्या नावातले २५ आणि २१ हे आकडेसुद्धा त्याच जुन्या मोजणीचे आहेत आणि ते २००१ साली जुळतात. करून पाहा: २००१ वजा १९८१ अधिक १ म्हणजे २१, आणि २००१ वजा १९७७ अधिक १ म्हणजे २५. लेखकाने कुठेही गडबड केलेली नाही.

गंमत नटांत आहे. मालिका फेब्रुवारी ते एप्रिल २०२२ मध्ये दाखवली गेली. ही-दो झालेली किम ते-री एप्रिल १९९० ची, म्हणजे ३१. ई-जिन झालेला नाम जू-ह्योक फेब्रुवारी १९९४ चा, म्हणजे २८ च्या उंबरठ्यावर. कथेत तो तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, प्रत्यक्षात ती त्याच्यापेक्षा जवळपास चार वर्षांनी मोठी. पूर्ण उलटं! आणि तरी ती धावत येते, दप्तर हेलकावतं, उड्या मारत जिना चढते, तेव्हा मला एकदाही ३१ आठवलं नाही. किशोरवय चेहऱ्यापेक्षा हालचालीत असतं हे त्या बाईला ठाऊक आहे. शाळेच्या व्हरांड्यात चालत जाणारं पोर मी क्वचितच पाहिलंय, ती पळतात किंवा भिंतीला घासत रेंगाळतात.

लेखक स्वतः पात्राचं वय विसरतात का?

विसरतात. 'स्ट्रेंजर थिंग्ज'च्या दुसऱ्या पर्वात विलची आई त्याचा वाढदिवस २२ मार्च असल्याचं सांगते. चौथ्या पर्वात एक अख्खा दिवस स्केटिंगच्या जागी जातो आणि तिथल्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर तारीख दिसते २२ मार्च १९८६. विल तिथेच आहे, आणि एकही माणूस त्याला शुभेच्छा देत नाही. प्रेक्षकांना वाटलं यात काहीतरी खोल अर्थ असणार, बिचारा एकटा पडलाय वगैरे. मालिकेच्या कर्त्यांनी, डफर बंधूंनी, नंतर कबूल केलं की आम्ही विसरलोच.

पण खरी सोळा वर्षांची मुलं घेतली तर काय बिघडतं?

कामाचे तास बिघडतात. कॅलिफोर्नियात १६-१७ वर्षांच्या मुलाला शाळेच्या दिवसांत सेटवर जास्तीत जास्त दहा तास थांबता येतं, त्यातले सहाच कामाचे. तीन तास अभ्यास आणि एक तास विश्रांती सक्तीची. ९ ते १५ वयोगटात कामाचे पाचच तास. सेटवर स्टुडिओ शिक्षक हजर पाहिजे, आणि मुलाची प्रकृती किंवा सुरक्षितता धोक्यात आहे असं वाटलं तर तो मुलाला काम करू देत नाही. आता प्रत्येक दृश्यात पाच मुलं, अशी मालिका डोळ्यासमोर आणा. पाचही अल्पवयीन असतील तर दिवसाचं काम अर्ध्यावर येतं. वीस वर्षांच्या नटाला यातलं काही लागू नाही, तो रात्रीचं चित्रीकरणही करतो.

आपल्याकडेही नियम आहेत. बालकामगार कायद्यात २०१६ साली बदल झाला आणि पुढच्या वर्षी नियम आले. १४ वर्षांखालच्या बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि मिळकतीचा किमान पाचवा भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवावा लागतो. गोव्यात चित्रीकरणं वरचेवर होतात, त्यामुळे सेटवर पोराला पाठवणाऱ्या आईबापांनी एवढं तरी तोंडपाठ ठेवावं.

दुसरं कारण साधं आहे. पंधरा वर्षांचा मुलगा पहिल्या पर्वापासून चौथ्या पर्वापर्यंत ओळखू येईनासा होतो. बावीसचा सव्वीसचा झाला तरी साधारण तसाच दिसतो. 'स्ट्रेंजर थिंग्ज'ने खरी मुलं घेतली आणि त्याची किंमत मोजली: कथेत चार वर्षं गेली, चित्रीकरणात २०१५ ते २०२४ अशी जवळपास नऊ. तिसरं कारण, प्रेमप्रसंग. ते सज्ञान नटांकडूनच करून घेतले पाहिजेत, यात माझं दुमत नाही.

नुसतं बघून नट किती मोठा आहे ते ओळखता येतं का?

एकट्या चेहऱ्यावरून नाही, त्यात सगळेच फसतात. मीही फसले आहे: दहावीत एकदा दाढी-मिशी फुटलेला मुलगा नापास होऊन मागे राहिलेला असणार असं मी धरून चालले होते, रजिस्टर उघडलं तर वर्गातला सर्वांत लहान तोच.

अख्ख्या वर्गावरून मात्र ओळखता येतं. खरा नववीचा वर्ग ओबडधोबड असतो. एकाच बाकावर एक मुलगा माझ्या खांद्याइतका, शेजारचा दाराच्या चौकटीला लागणारा. मुली आधी वाढलेल्या, मुलं मागून येणारी. कुणाचा आवाज फुटलाय, कुणाचा अजून कोवळा. जूनमध्ये बाळसेदार गाल घेऊन आलेला दिवाळीनंतर लांबट तोंडाचा होतो. मालिकेतल्या वर्गात सगळे एका उंचीचे, सगळ्यांचे आवाज फुटून स्थिरावलेले, सगळ्या मुलांच्या गालांवर सकाळी घोटून काढलेल्या दाढीची निळसर छटा. असा सपाट वर्ग दिसला की समजावं, सगळी विशीच्या पुढची आहेत.

मुलग्यांचा जबडा आणि मान शेवटी भरते. म्हणून मी मानेकडे बघते. आणि मागे बसलेल्या, संवाद नसलेल्या मुलांकडे. ती कधीकधी खरीच शाळकरी असतात आणि नायक त्यांच्यामधून गेला की त्यांचा काका वाटतो.

इंटरनेटवरच्या जन्मतारखा खऱ्या असतात का?

बहुतेक खऱ्या, पण नटांना त्या नकोशा असतात हे लक्षात ठेवावं. २०१६ साली कॅलिफोर्नियाने एक कायदाच केला की आयएमडीबीसारख्या व्यावसायिक संकेतस्थळांनी, तिथे पैसे भरून सदस्य झालेल्या नटाने सांगितल्यावर, त्याचं वय काढून टाकायचं. हेतू असा की वय बघूनच काम नाकारलं जाऊ नये. आयएमडीबी न्यायालयात गेलं, कायदा अभिव्यक्तिस्वातंत्र्याविरुद्ध ठरला आणि २०२० मध्ये वरच्या न्यायालयानेही तेच कायम केलं. म्हणून तारखा अजून दिसतात.

मी नियम पाळते तो असा: फक्त वर्ष दिलेलं असेल आणि महिना-दिवस नसेल तर एका वर्षाची चूक गृहीत धरते. आणि दोन ठिकाणी दोन वर्षं दिसली तर त्या नटाचं उदाहरणच देत नाही.

आपल्याकडे असं होत नाही का?

होतं की. 'स्टुडंट ऑफ द इयर' ऑक्टोबर २०१२ मध्ये आला, तेव्हा शाळेच्या गणवेशातला सिद्धार्थ मल्होत्रा २७ चा होता, वरुण धवन २५ चा आणि आलिया भट १९ ची. तिघांत तीच काय ती शाळेच्या जवळपास.

नट पात्रापेक्षा लहान, असं कधी असतं?

कमी वेळा, पण आपल्याकडे त्याचं मोठं उदाहरण आहे. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला आला. आर्ची कॉलेजात जाते, बुलेट चालवते, पुढे संसार करते. रिंकू राजगुरू ३ जून २००१ ची, म्हणजे प्रदर्शनाच्या दिवशी १४ पूर्ण आणि पंधरावं सरत आलेलं. चित्रीकरण तर त्याच्याही आधीचं. त्या वर्षी आमच्या नववी-दहावीच्या मुली आर्चीसारखं बोलायच्या, आणि मी त्यांना सांगायचे की ती तुमच्याच वर्गातली आहे. कुणी विश्वास ठेवला नाही. १३ वर्षांच्या साशा पीटर्सचीही तीच गोष्ट. आपण मोठ्यांना लहान दाखवलेलं लगेच पकडतो, लहानाला मोठं दाखवलं तर निमूट मान्य करतो.

एवढं मोजून फरक काय पडतो? गोष्ट आवडली की झालं ना?

मला दोन ठिकाणी फरक पडतो. पहिलं, आरसा. नववीतली मुलगी तिच्या वयाचं म्हणून जे शरीर आणि जी त्वचा बघते, ती २४ वर्षांच्या बाईची असते. माझ्या एका भाचीला स्वतःच्या तोंडावरचे पुरळ बघून रडू यायचं. तिला मी वरचं हजेरीपुस्तक कागदावर मांडून दिलं. पुरळ गेले नाहीत, पण तिने मालिकेतल्या मुलींना 'त्या बायका' म्हणायला सुरुवात केली.

दुसरं जास्त गंभीर. 'प्रिटी लिटल लायर्स'मध्ये इंग्रजीचे सर आणि आरिया यांचं प्रेमप्रकरण वर्षानुवर्षं चालतं आणि पुष्कळ प्रेक्षकांना ते गोड वाटतं. का वाटतं? कारण डोळ्यांना दिसतात २० आणि २३ वर्षांची दोन देखणी माणसं. कथेत ती १६ ची आहे आणि तो तिला शिकवणारा शिक्षक. आपल्याकडे १८ खालच्या मुलीच्या बाबतीत हा पॉक्सोचा गुन्हा आहे, आणि करणारा शिक्षक असेल तर जास्त कडक. पंचवीस वर्षं स्टाफरूममध्ये बसलेल्या बाईला ते दृश्य गोड वाटूच शकत नाही. तिथे नटांची वयं विसरून पात्रांची वयं आठवावी लागतात. इतर वेळी नेमकं उलटं करावं लागतं.

'ग्ली'मधले सर आणि विद्यार्थी एकाच वयाचे वाटतात. खरं आहे?

जवळजवळ. मे २००९ मध्ये पहिला भाग आला तेव्हा सर झालेला मॅथ्यू मॉरिसन ३० चा, नायक-विद्यार्थी झालेला कॉरी मॉन्टिथ २७ चा. त्याच वर्गात १८ वर्षांचा क्रिस कॉल्फर होता. तो एकटाच शाळकरी दिसतो, आणि बाकीच्यांचं बिंग त्याच्यामुळेच फुटतं.

आमच्या जत्रेच्या नाटकात पन्नाशीचा माणूस तरुण राजपुत्र होतो, तेव्हा तुम्ही वजाबाकी करता का?

हा प्रश्न डिचोलीच्या एका मैत्रिणीने टोमणा म्हणून विचारला, पण त्याला उत्तर आहे. देवळाच्या मांडावर पडदा वर जातो तेव्हा राजपुत्र कोण हे अख्ख्या गावाला माहीत असतं. तो पोस्टात असतो, त्याचं पोट सकाळी बाजारात पाहिलेलं असतं, त्याची बायको समोर तिसऱ्या रांगेत बसलेली असते. दशावतारात तर मिशी भादरून पुरुष राणी होतो. तिथे लपवाछपवी नाही. वय काय आहे ते ठाऊक असूनच आपण ते बाजूला ठेवतो.

मालिकेत ते बाजूला ठेवायला आधी ठाऊक व्हावं लागतं. म्हणून वजाबाकी. राहता राहिला राजपुत्र, तर गेल्या जत्रेतला आमचा राजपुत्र ५३ चा होता. मला पक्कं माहीत आहे, दहावीला तो माझ्याच वर्गात होता.